पैजांची ॲप चालवणाऱ्यांना खुलं पत्र: माझ्या भावाच्या दुकानाचा हिशेब

महोदय,

माझ्या भावाच्या तक्रारीला तुमच्या कंपनीने दिलेलं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळ्या पैजा ग्राहकाने स्वतः लावल्या, अटी त्याने मान्य केलेल्या होत्या, खात्यात तांत्रिक चूक आढळली नाही, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे. खाली कुणाचं नाव नाही, उलट उत्तर पाठवायला पत्ता नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ते तुमच्या कंपनीला आहे, हाच धंदा करणाऱ्या बाकीच्यांना आहे, त्यांच्यापर्यंत पैसे पोहोचवणाऱ्या बँकांना आणि पेमेंट कंपन्यांना आहे, आणि ज्यांच्या हातात परवाने आहेत त्यांनाही आहे.

मी हिशेबनीस आहे. दुकानदारांच्या वह्या लिहिणं, वर्षअखेरीला ताळेबंद जुळवून देणं हे माझं रोजचं काम. दादाचं दुकान बंद झाल्यावर मी तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: दुकानाचा रोजमेळ, बँकेचा खातेउतारा आणि ॲपवरून उतरवून घेतलेली त्याच्या पैजांची यादी. तारखेला तारीख लावत गेले. तुमच्या उत्तरातलं एकही वाक्य खोटं नाही, पण त्यात जे आलेलं नाही ते या तीन कागदांत सरळ दिसतं. घरच्या रकमा इथे उघड करणार नाही. प्रमाण सांगते, कारण कळायला ते पुरेसं आहे.

दादाचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. वायर, स्विच, पंखे, दिवे. शंभरची विक्री झाली की त्यातले ८५ घाऊक व्यापाऱ्याचे, ९ भाडं, पगार आणि विजेचे, आणि ६ त्याचे. खेळाची त्याला लहानपणापासून आवड, संघ आणि खेळाडू तोंडपाठ. तुमच्या ॲपची जाहिरात त्याने सामना बघतानाच पाहिली. पहिल्यांदा पैसे भरणाऱ्याला तेवढाच बोनस, असं त्यात होतं. त्याने अडीच दिवसांच्या निव्वळ नफ्याइतके पैसे भरले, तुम्ही तेवढीच भर घातली, आणि काही दिवसांत त्याने ती सगळी रक्कम एकाच जोडपैजेवर लावली. पाच सामने, प्रत्येकाचा भाव १.९०, पाचही अंदाज बरोबर आले तरच पैसे. पाचही बरोबर आले. लावलेल्याच्या जवळजवळ पंचवीस पट मिळाले, म्हणजे दुकानाचा चार महिन्यांचा निव्वळ नफा एका रात्रीत.

त्या रात्री काय झालं ते गणिताने सांगते, कारण दादाला ते कुणीच सांगितलं नाही. दोन्ही बाजू समसमान असलेल्या सामन्यावर खरा भाव २ असायला हवा: शंभर लावले, जिंकलो तर दोनशे. तुम्ही १.९० देता. ही दहा पैशांची कमतरता म्हणजे तुमची कमाई, आणि दर शंभरामागे ती सरासरी ५ पडते. पाच सामने जोडले की कपातही पाच वेळा लागते. पाचही अंदाज बरोबर येण्याची शक्यता बत्तीसात एक, तेव्हा बत्तीस पट मिळायला हवे होते, मिळाले २४.७६ पट. हजार जणांनी तशी पैज लावली तर साधारण ३१ जण जिंकतात, आणि त्यांना सगळं चुकवूनही जमलेल्या पैशातला पाचव्या भागाहून जास्त हिस्सा तुमच्याकडे उरतो. दादा त्या ३१ जणांतला एक होता. उरलेल्या ९६९ जणांची नावं कुणाला कळत नाहीत. दादाचं नाव मात्र ओळखीच्या प्रत्येकाला कळलं, कारण त्यानेच अभिमानाने सांगितलं, आणि त्याच्या सांगण्यावरून आणखी दोघा-तिघांनी तुमचं ॲप घेतलं.

तो जिंकला यात माझी तक्रार नाही. जिंकल्यावर पुढे जे झालं त्याबद्दल आहे.

त्याला ते पैसे लगेच काढायचे होते, पण काढता येईनात. बोनस घेतला होता, आणि भरणा अधिक बोनस यांच्या दहा पट रकमेच्या पैजा लावल्याशिवाय खात्यातून काहीही निघत नाही, अशी अट होती. म्हणजे पन्नास दिवसांच्या नफ्याइतक्या रकमेच्या पैजा. पन्नासाचे ५ टक्के अडीच, आणि तुम्ही दिलेला बोनसही अडीच दिवसांच्या नफ्याइतकाच. हिशेब स्वच्छ आहे: बोनस म्हणून दिलेलं सगळं सरासरीने तुमच्याकडेच परत येतं. तुमच्या हाती मात्र त्याहून मोठी गोष्ट लागते. ज्या माणसाने तोवर मोजक्याच पैजा लावल्या होत्या, त्याला आपलेच पैसे सोडवण्यासाठी पुढचे तीन आठवडे रोज पैजा लावाव्या लागल्या. यादीत तो बदल दिसतो. आधी फक्त सुट्टीच्या दिवशी एखादी पैज, नंतर रोज रात्री जेवण झाल्यावर.

अट पूर्ण झाल्यावर त्याने अर्ध्याहून जास्त पैसे काढले आणि दुकानाचं जुनं कर्ज फेडलं. वहिनी आजही सांगते की तो महिना फार आनंदाचा होता. उरलेले पैसे त्याने ॲपमध्येच ठेवले, कारण ते त्याच्या लेखी दुकानाचे नव्हते, ‘जिंकलेले’ होते. आणि लावायची रक्कम वाढली. पहिल्या विजयाने त्याला एक माप दिलं होतं. दिवसभर काउंटरमागे उभं राहून जे मिळतं तेवढं एका पैजेवर लावणं त्याला आता मोठं वाटेना.

पुढचे सहा-सात महिने यादीत हार आणि जीत दोन्ही आहे, आणि हेच मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. तो सलग हरला असता तर थांबला असता. १.९० च्या भावावर माणूस जवळजवळ निम्म्या वेळा जिंकतो. दहातल्या पाच पैजा जिंकल्या की आपलं बरं चाललंय असं वाटतं, पण दहा सारख्या पैजांतल्या पाच जिंकूनही तो अर्ध्या पैजेने मागे असतो. त्यात एकच रक्कम परत परत फिरते. शंभर घेऊन बसलं आणि जे हाती येईल ते सगळं पुन्हा लावत गेलं, तर सरासरीने वीस फेऱ्यांनी ३६ उरतात आणि पंचेचाळीस फेऱ्यांनी १०. फेऱ्या किती लवकर होतात, यावर सगळं ठरतं. सामन्याच्या निकालावर पैज असते तेव्हा रात्रीत एक-दोन होतात. चालू सामन्यातल्या पुढच्या चेंडूवर, पुढच्या गुणावर पैज लावता येऊ लागली की एका रात्रीत तीस होतात. अशा पैजांवर तुमची कपातही बहुधा पाच टक्क्यांहून जास्त असते. दादाच्या यादीत एका रात्रीच्या पैजा दोनावरून तिसावर जायला वर्षही लागलं नाही.

आता दुकानाच्या वहीकडे येते, कारण दुकानदाराचं नुकसान पगारदाराच्या नुकसानासारखं होत नाही. पगारदाराकडे येणारे पैसे त्याचे असतात. दुकानदाराच्या गल्ल्यात रात्री जी रक्कम असते तिच्यातली फारच थोडी त्याची असते. माल आज विकला जातो, घाऊक व्यापाऱ्याचे पैसे तीस दिवसांनी द्यायचे असतात. मधल्या काळात दुसऱ्याचे पैसे आपल्या हातात असतात, आणि सगळा धंदा त्या भरवशावर चालतो. रोजमेळात ‘घरखर्चासाठी उचल’ म्हणून ज्या नोंदी वाढत गेल्या, त्या एकेक करून ॲपमधल्या भरण्याच्या तारखांना जुळतात. व्यापाऱ्याची देय तारीख आठवड्यावर आली की भरणे वाढलेले दिसतात. उचललेलं त्या तारखेआधी जिंकून परत ठेवायचं, हा त्याचा बेत होता.

जे परत ठेवायचं ते दुकानातून का उभं केलं नाही, असं त्याला बऱ्याच जणांनी विचारलं. शंभरातले सहा उरणाऱ्या दुकानात शंभर घालवले की ते भरून काढायला साधारण १,६६७ ची विक्री लागते. एका वाईट रात्रीची भरपाई म्हणजे कित्येक आठवड्यांचं काम. ॲपवर तेच शंभर परत मिळवायला शंभर-सव्वाशेची एकच पैज पुरेशी दिसते, आणि ती पुढच्या दहा मिनिटांत लावता येते. बुडत्या दुकानदाराला दुकान हा लांबचा रस्ता वाटायला लागतो आणि ॲप जवळचा. मग तो नुकसानीच्या मागे धावतो. दादा बेजबाबदार माणूस नव्हता. व्यापाऱ्याचे पैसे बुडवायचे नाहीत, या जबाबदारीपोटीच तो आणखी खोल गेला.

दुकान एका दिवसात बुडत नाही. आधी जलद खपणारा माल कमी आला. मग फळीवर पुढे रिकामे खोके लागले, मागे काहीच नाही. गिऱ्हाइकाला हवी ती वायर नसली की ते पंखाही दुसरीकडूनच घेतं, त्यामुळे विक्री घटली. एका मोठ्या व्यापाऱ्याने उधारी बंद केली, तेव्हा दादा छोट्या व्यापाऱ्याकडून रोखीने, चढ्या दराने माल आणू लागला आणि सहाचे चार उरू लागले. इतकं होऊनही कच्च्या हिशेबात दुकान फायद्यात दिसत होतं. नफा कागदावर आणि बँक रिकामी, ही खूण माझ्या व्यवसायातले सगळे ओळखतात. माल वाढलेला नाही, येणी वाढलेली नाहीत, तरी रोकड नाही, याचा अर्थ पैसा धंद्याबाहेर चालला आहे. दुकानदारांच्या घरच्यांना आणि त्यांच्या हिशेबनिसांना मी इथे सांगून ठेवते: वरचेवर छोट्या रकमांची उचल, देय तारखेआधी वाढणारी उचल आणि नेहमीचा व्यापारी बदलणं, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर त्याच दिवशी बँकेचा खातेउतारा मागून घ्या.

पहिल्या विजयानंतर दोन वर्षांच्या आसपास दुकान बंद झालं. उरलेला माल एकाच व्यापाऱ्याला उक्ता देऊन देणी अंशतः चुकवली, वहिनीचे दागिने गेले, जागा सोडली. दादा आज दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर काम करतो आणि महिन्याला थोडं थोडं फेडतो.

हे सगळं घडत असताना तुम्ही काय करत होतात, तेही त्याच यादीत आहे.

भरणा काही सेकंदांत होतो. पैसे काढण्याची विनंती मात्र दोन-तीन दिवस ‘प्रक्रियेत’ राहते, आणि तेवढा वेळ तिच्याशेजारी ‘रद्द करा’चं बटण चालू असतं. दादाने पैसे काढायला घातले आणि त्याच रात्री विनंती रद्द करून ते घालवले, असं पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. त्यातल्या एका वेळची रक्कम मोठ्या व्यापाऱ्याची पूर्ण थकबाकी चुकवू शकली असती. त्याने ती विनंती संध्याकाळी केली, कारण दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याचा माणूस येणार होता. मध्यरात्रीनंतर ती रद्द झाली आणि पहाटेपर्यंत खातं रिकामं झालं. ब्रिटनच्या जुगार नियामकाने अशी विनंती रद्द करण्याची सोय २०२१ मध्ये कायमची बंद करायला लावली. ती का बंद करावी लागली, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तुमचा एक प्रतिनिधी दादाला नावाने ओळखत होता. तो हरू लागल्यावर त्याला ‘खास ग्राहक’ केलं गेलं, आणि जास्त हरलेल्या आठवड्यानंतर हरलेल्याचा थोडा भाग बोनस म्हणून परत मिळू लागला. सातत्याने जिंकणाऱ्यांची पैजेची मर्यादा तुमच्या धंद्यातल्या अनेक कंपन्या उतरवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे कोण जिंकतो आणि कोण हरतो यावर तुमची रोज नजर असते. मग एका तासात पाच वेळा भरणा, पहाटे तीनला पैजा, रद्द केलेल्या विनंत्या आणि दर महिन्याला वाढणारी रक्कम, हे त्याच नजरेला दिसलं नाही असं तुम्ही म्हणू शकत नाही.

शेवटी दादाने स्वतःच खातं बंद करायला सांगितलं. कारणही लिहिलं: मला थांबता येत नाही. त्यावर आधी एक दिवसाची विश्रांती सुचवण्यात आली, मग मोफत पैज देऊ केली गेली. खातं बंद झालं तेव्हाही एकच बंद झालं, दुसऱ्या ॲपची दारं तशीच उघडी राहिली. आणि दुकानाची जागा सोडली त्याच्या पुढच्याच महिन्यात त्याच्या फोनवर ‘तुमची आठवण येते’ असा संदेश आला. सोबत बोनस होता.

तुम्ही म्हणता, संमती होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार नोंदलेला आहे, आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे खेळण्यावरचा ताबा सुटणं. मला थांबता येत नाही, असं लेखी देणाऱ्या माणसाने त्यानंतर लावलेल्या पैजेला तुम्ही कोणत्या अर्थाने संमती म्हणता, एवढं मला लेखी हवं आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत.

पैसे काढण्याची विनंती एकदा केली की ती रद्द करता येऊ नये, आणि भरण्याला जेवढा वेळ लागतो त्याहून फार जास्त वेळ पैसे काढायला लागू नये.

जिंकलेले पैसे सोडवण्यासाठी आणखी पैजा लावायला लावणारी बोनसची अट काढून टाका. ती ठेवायचीच असेल तर बोनसच्या जाहिरातीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, किती रकमेच्या पैजा लावाव्या लागतील आणि त्यात सरासरी किती जाईल हे लिहा.

महिन्याला किती हरायचं याची मर्यादा खातं उघडतानाच ठरवून घ्या. ती कमी करायची असेल तर लगेच व्हावी, वाढवायची असेल तर काही दिवसांनी. नॉर्वेमध्ये सरकारी कंपनीच्या खेळांवर अशी सक्तीची मर्यादा चालते, तेव्हा हे जमत नाही असं कुणी सांगू नये.

परवाने देणाऱ्यांना माझं सांगणं आहे की एका ठिकाणी नाव दिलं की सगळीकडून बंदी, अशी एकच नोंदवही हवी. ब्रिटनमध्ये २०२० पासून परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांना अशा नोंदवहीत सामील व्हावंच लागतं, ऑस्ट्रेलियात ती २०२३ मध्ये सुरू झाली. विनापरवाना ॲप या नोंदवहीबाहेर राहतील हे मला कळतं. त्यांची वाट बँका आणि पेमेंट कंपन्याच अडवू शकतात, कारण ॲपचं नाव रोज बदललं तरी पैसे कुठल्यातरी खात्यातच जमा व्हावे लागतात. दुकानाच्या खात्यातून रात्री पैजेच्या खात्यात वरचेवर रकमा जात असतील, तर बँकेने खातेदाराला विचारावं. आणि उधारीवर पैज बंदच व्हावी. ब्रिटनने २०२० मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये क्रेडिट कार्डावरून पैजा लावणं बंद केलं आहे.

शेवटची मागणी फक्त तुमच्या कंपनीकडे आहे. दादाशी तुमच्या प्रतिनिधीचं जे बोलणं झालं ते सगळं, आणि त्याला धोक्यातला ग्राहक म्हणून तुमच्याकडे कधी खूण केली गेली होती का त्याची नोंद, आम्हाला द्या. खातं बंद करायची विनंती पहिल्यांदा पोहोचली त्या क्षणानंतर त्याच्याकडून घेतलेली रक्कम परत करा. ती आमच्या घरात ठेवायची नाही, ज्या व्यापाऱ्यांचे पैसे अजून द्यायचे आहेत त्यांची यादी मी सोबत जोडायला तयार आहे. तक्रार बंद केल्याचं तुमचं उत्तर आम्हाला मान्य नाही. ती पुन्हा उघडा आणि या वेळी उत्तराखाली जबाबदार माणसाचं नाव लिहा.

आपली,
एका दुकानदाराची धाकटी बहीण